आजोबा, ऐंशीच्या खूप खूप शुभेच्छा!

प्रिय आजोबा,

साष्टांग नमस्कार! आज तुम्ही ऐंशी पूर्ण करून एक्क्याऐंशीत पाऊल टाकताय.

‘गाजावाजा नको, सहस्रचंद्रदर्शनाला अजून अवकाश आहे,’ असं तुम्ही आठवडाभर सगळ्यांना बजावताय. म्हणून आम्ही हिशेबच मांडला. कागदावर, समास सोडून, तुम्हाला आवडतो तसा. वर्षाच्या बारा पौर्णिमा, म्हणजे ऐंशी वर्षांच्या ९६०. त्यात अधिक महिन्यांच्या तीसेक धरल्या की झाल्या ९९० च्या आसपास. म्हणजे हजाराला जेमतेम दहा कमी! तो सोहळा होईल तेव्हा होईल, पण तेवढ्यासाठी आजचा वाढदिवस आम्ही सोडणार नाही. हिशेबात चूक असेल तर लाल पेनाने खूण करा. (कराल याची खात्री आहे.)

आकड्यांची ही गोडी तुमचीच देणगी. नवे पैसे आले तेव्हा तुम्ही शाळकरी होतात. तरी पावकी, निमकी, दिडकी, औटकी अजून तोंडपाठ. सतरा औट किती असं विचारलं, तर आमचा मोबाईल खिशातून निघायच्या आत तुमचं ‘साडेएकोणसाठ’ येतं. मधल्याला गणितात पहिल्यांदा नापासाचा शेरा मिळाला तेव्हा घरात सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. संध्याकाळी त्याला शेजारी बसवलंत, म्हणालात, ‘चल, आता आपण दोघं शिकू. मलाही हे नवीन गणित येत नाही.’ तुम्हाला येत होतं, हे त्याला कितीतरी वर्षांनी कळलं.

मोठीच्या नोकरीची पहिली बातमी आईबाबांच्या आधी तुम्हाला कळली. शेंडेफळाला सायकल शिकवताना कॅरिअर धरून तुम्ही धावलात, आणि आजीने ‘गुडघ्यांचं काय?’ म्हणून ओरडल्यावर ‘कोण धावलं?’ असं साळसूदपणे विचारलंत. आजी तुमचं बारीकसारीक सगळं लक्षात ठेवते, हे आम्ही सांगायला नको.

एक मागणं आहे. कानाचं यंत्र डब्यातून काढून कानात घाला. ‘मला सगळं ऐकू येतं’ हे पुरे झालं. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो! आणि रोजची औषधं आजीने आठवण करायच्या आत घ्या.

तुम्हाला उत्तम आरोग्य, शांत झोप आणि दुपारच्या शब्दकोड्यात एकही चौकट रिकामी न राहण्याचं सुख लाभो, हीच प्रार्थना. संध्याकाळी आजी आणि आई औक्षण करतील, मग आम्ही तिघं ओळीने पाया पडू. या वेळी आशीर्वादाबरोबर पाढा विचारायचा नाही, हे आधीच ठरलंय.

तुमचीच,
मोठी, मधला आणि शेंडेफळ