जर्नल क्लब: पॅरॉक्सेटीनच्या ‘स्टडी ३२९’चे परीक्षण

स्टडी ३२९ ही पॅरॉक्सेटीन या नैराश्यविरोधी औषधाची किशोरवयीनांवरची ट्रायल. तिच्या लेखाच्या सारांशातले शेवटचे वाक्य असे: किशोरवयीन नैराश्यात पॅरॉक्सेटीन साधारणतः सोसवते आणि परिणामकारक ठरते. २००१ साली छापलेल्या या लेखातलेच आकडे ते वाक्य पेलत नाहीत, असे माझे मत आहे.

१२ ते १८ वयोगटातले २७५ रुग्ण रँडम पद्धतीने तीन गटांत विभागले: पॅरॉक्सेटीन ९३, इमिप्रामीन हे जुने नैराश्यविरोधी औषध ९५, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी ८७. आठ आठवडे, डबल-ब्लाइंड, म्हणजे कोण कशावर आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. आराखडा चांगला आहे. अडचण पुढे सुरू होते.

प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात, प्रायमरी आउटकम म्हणजे मुख्य मापे दोनच होती. पहिला, नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅम-डी मापनश्रेणीवरच्या गुणांतली घट. ती पॅरॉक्सेटीनवर १०.७ आणि प्लासिबोवर ९.१ निघाली. दुसरा, रिस्पॉन्स, म्हणजे गुण ८ किंवा त्याखाली येणे अथवा निम्म्याने घटणे, तो ६६.७ टक्के विरुद्ध ५५.२ टक्के. दोन्हींत फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नाही. आता लेखाने पुढे केलेला ‘रेमिशन’ पाहा: गुण ८ किंवा कमी, ६३.३ विरुद्ध ४६ टक्के, आणि हा मात्र लक्षणीय. रिस्पॉन्सच्या व्याख्येतला ‘अथवा’नंतरचा भाग तेवढा कापून टाकला आहे! लेखात पॅरॉक्सेटीनच्या बाजूने गेलेली चारही मापे अशीच, प्रोटोकॉलबाहेरची. अनेक मापे तपासली की एखादे निव्वळ योगायोगानेही जुळते, म्हणून प्रायमरी आउटकम आधी ठरवायचा असतो. इथे तोच बदलला.

ब्लाइंडिंगबद्दल थोडे. इमिप्रामीनने तोंड कोरडे पडते, नाडी वाढते. कोण कशावर आहे याचा अंदाज रुग्णाला आणि गुण देणाऱ्यालाही येऊ शकतो. शिवाय दुष्परिणामांमुळे इमिप्रामीन गटातले ३१.५ टक्के बाहेर पडले, प्लासिबो गटातले ६.९ टक्के. मध्येच सोडून गेलेल्यांचे शेवटचे गुण तसेच पुढे धरले आहेत. गळती इतकी विषम असताना ही पद्धत तुलना झुकवते.

पॅरॉक्सेटीन आणि प्लासिबो यांच्यातला हॅम-डीचा फरक खरा मानला तरी तो १.६ गुणांचा. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००४ मध्ये प्रौढांसाठी अर्थपूर्ण फरक म्हणून तीन गुणांचा निकष वापरला होता. तो किशोरांना जसाच्या तसा लागू होत नाही, पण हा फरक त्याच्या जवळपासही जात नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती हानीची नोंद. आत्महत्येशी निगडित घटना ‘भावनिक अस्थिरता’ या शीर्षकाखाली गेल्या. ते वाचून कोणत्या डॉक्टरला धोका कळेल? २०१५ मध्ये मूळ माहितीचे फेरविश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात परिणामकारकता दिसली नाही आणि हानी वाढलेली आढळली.

या लेखाच्या आधारावर मी कोणत्याही किशोराला पॅरॉक्सेटीन लिहून देणार नाही. पुढच्या बैठकीत ट्रायल कोणतीही असो, तिचा प्रोटोकॉल आधी मागवू आणि सारांश नंतर वाचू.