चला रेणू होऊ! (सातवी, आनंददायी शनिवार)

शनिवारी साडेसातला दोन्ही तुकड्यांची मिळून 44 पोरं ग्राउंडवर येतील. ऊन चढायच्या आत, नऊपर्यंत, आटपायचं आहे. 36 जण रेणू, चौघं दोरीच्या चार कोपऱ्यांवर, दोघं मोजणारे आणि दोघं आळीपाळीनं डफली वाजवणारे. डफली म्हणजे उष्णता, ताल वाढला की रेणू जास्त हलणार, कमी झाला की कमी. एवढा एकच नियम पोरांना आधी सांगा, बाकी सगळं खेळता खेळता येतं.

सुरुवात स्थायूपासून. सहा बाय सहाच्या रांगा, हात समोरच्याच्या खांद्यावर, पाय जागेवर. पण पुतळ्यासारखं उभं राहायचं नाही हां, हळू डफलीवर जागच्या जागी हलत राहायचं, कारण घट्ट लोखंडातले कणसुद्धा थरथरतच असतात, आणि हे पोरांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊच नका. आता मोजणाऱ्यांपैकी एकानं बाजूनं ढकलून बघायचं, हळूच. अख्खा चौकोन सरकतो पण मोडत नाही ना? स्थायूला स्वतःचा आकार असतो तो असा.

ताल वाढवा. थरथर इतकी वाढते की खांद्यावरचे हात टिकत नाहीत, सुटले की रांगा मोडतात, पण कोणी लांब जायचं नाही, एक तरी शेजारी हाताच्या अंतरावर पाहिजेच. एकमेकांच्या बाजूनं सरकत राहा. सीताबर्डीत दिवाळीच्या आधी चालतो तसं, गर्दी सोडता येत नाही पण पुढे-मागे सरकता येतं. हा झाला द्रव. दोरीवाल्यांनी आता लांबोळकं भांडं करा, मग गोल करा, पोरं त्या आकारात जातात पण 36 ची जागा साधारण तेवढीच लागते. इथे उदाहरण बर्फाचं देऊ नका, खोबरेल तेलाचं द्या, डिसेंबरात बाटलीत गोठलेलं सगळ्यांनी पाहिलंय. बर्फाचं उलटं आहे, पाणी गोठताना रेणू जास्त जागा घेतात, म्हणून तर बर्फ तरंगतो, ते नंतर कधीतरी. आणि पोरं ‘विरघळलं’ म्हणतील, तिथेच थांबवा. तेल वितळलं, साखर विरघळली.

आता वायू. डफली जोरात, एकमेकांना सोडा आणि सरळ रेषेत भरभर चाला, धावायचं नाही, हात छातीशी घडी घालून. कोणाला किंवा दोरीला लागलं की दिशा बदलायची. दोरी ग्राउंडच्या कडेपर्यंत न्या. पाण्याची वाफ झाली की जागा साधारण 1600 पट वाढते, म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर जवळपास 12 पट. गर्दीत अर्धा मीटर अंतर असेल तर आता प्रत्येकाच्या भोवती सहा मीटर मोकळं पाहिजे, 36 पोरांना 36 बाय 36 मीटरचं मैदान लागतं, म्हणून हा खेळ वर्गात जमत नाही.

थांबवून विचारा, ‘तुमच्या मधे काय आहे?’ सगळे ओरडतील ‘हवा!’ मग म्हणा, ‘अरे हवा तर तुम्हीच झाला आहात ना, मग मधे?’ एखादी पोरगी हळूच म्हणेल, ‘काहीच नाही.’ तिथे घाई करू नका, तो क्षण मला या सगळ्या खेळात सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग मोजणी. एक मिनिट, दोरीला किती धडका लागल्या ते दोघांनी मोजायचं. दोरीवाल्या चौघांनी जागा निम्मी करा, चालायचा वेग तोच, पुन्हा एक मिनिट. धडका वाढतात. दाब म्हणजे या धडकाच, सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दाबलं की जे जाणवतं तेच. नंतर जागा तीच ठेवून डफली वाढवा, तरी धडका वाढतात. आकडे फळ्यावर लिहायला ठेवा, पोरं सोमवारी स्वतःहून विचारतात.

शेवटी कूलर, हा नागपूरचा आहे म्हणून वगळायचा नाही. सगळे पुन्हा द्रव, पण दहा जणांना लाल रिबिनी, ते जास्त वेगानं सरकणारे. त्यातला कडेला जो पोचेल तो सुटून बाहेर जाईल. पाच-सहा लाल गेले की आत कोण उरलं? हळू चालणारे. म्हणजे उरलेलं पाणी गार. मेमध्ये 45 डिग्रीत कूलरची जाळी अशीच गार होते, पाणी उकळायची गरजच नाही. मग बाहेर आधीच वीस पोरं उभी करा, ते जुलैचं नागपूर, दमट. जेवढे बाहेर जातात जवळपास तेवढेच आत येत राहतात, कूलर लावला तरी चिकचिक का होते ते पोरांना उभ्या उभ्याच कळतं.

डफली थांबवा, हात पुन्हा खांद्यावर, रांगा लावा आणि डोकी मोजा. 36 च भरले पाहिजेत.