विषय: वॉरंटी दावा नाकारल्याबद्दल हरकत

मा. सेवा केंद्र व्यवस्थापक,

सात महिन्यांपूर्वी घेतलेला माझा फोन ३ तारखेपासून चार्ज होत नाही. ‘चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा’ एवढाच शेरा मारून आपण वॉरंटी नाकारली. हा निर्णय मला मान्य नाही.

फोन कधीही भिजलेला नाही. सिम ट्रेजवळची ओलावा दाखवणारी पट्टी अजून पांढरीच आहे. आपल्या तंत्रज्ञांनी ती माझ्यासमोर पाहिली, पण अहवालात तिचा उल्लेखही नाही! शिवाय वायरलेस चार्जरवरही फोन चार्ज होत नाही. त्यात पोर्टचा संबंधच येत नाही, मग दोष पोर्टमधल्या ओलाव्याचा कसा?

कृपया बॅटरी व चार्जिंग सर्किट तपासून फोन विनाशुल्क दुरुस्त करावा. तरीही नकारच असेल, तर पोर्टच्या छायाचित्रांसह लेखी कारण सात दिवसांत द्यावे. तोवर सशुल्क दुरुस्तीला माझी संमती नाही.

आपली,
फोनची मूळ खरेदीदार

सोबत: बिल, जॉबशीटची प्रत