लेबलांचे काम सुरू करण्यापूर्वीची प्रश्नावली : कोकम आगळ, अमृत कोकम, आंबापोळी आणि फणसपोळी

बचत गटाच्या अध्यक्षा, सचिव आणि सर्व सदस्य भगिनींना सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर ठरल्याप्रमाणे आपल्या चार उत्पादनांच्या लेबलांची मांडणी आणि त्यांवरचा मजकूर अशी दोन्ही कामे मी करणार आहे, आणि लेबले 20 एप्रिलपर्यंत छापखान्यात पोहोचायची आहेत. त्यापूर्वी ही प्रश्नावली एकत्र बसून वाचावी आणि उत्तरे रविवारपर्यंत पाठवावीत. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला किंवा प्रश्नाचा क्रमांक सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात बोलून पाठवले, तरी चालेल. एखादे उत्तर ठाऊक नसल्यास अंदाज न बांधता ‘ठाऊक नाही’ एवढेच कळवावे, कारण अंदाजाने दिलेले माप किंवा क्रमांक छपाईनंतर दुरुस्त करता येत नाही.

उत्पादन आणि गिऱ्हाईक

1. आपला माल सध्या कोण विकत घेते आणि यापुढे कोणी घ्यावा असे आपल्याला वाटते? रत्नागिरीत महामार्गावरच्या दुकानात थांबणारा प्रवासी, पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनातला गिऱ्हाईक आणि मुंबईहून गणपतीला गावी येणारा चाकरमानी हे तिघे लेबलवर वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा एकच निवडावा.

2. आगळ आणि अमृत कोकम यांत गिऱ्हाइकांची गल्लत होते का? कोकणाबाहेरचा माणूस आगळाची बाटली सरबत समजून नेतो, पाण्यात घालून पितो आणि खारट लागले म्हणून तक्रार करतो, असे मी प्रदर्शनांत पाहिले आहे. आगळ मीठ घातलेले आणि सोलकढीसाठी, तर अमृत कोकम साखरेचे आणि पाण्यात मिसळून पिण्यासाठी, हे बाटली हातात घेताच कळले पाहिजे. म्हणून दोन्हींची वापरण्याची कृती आपण शेजारणीला सांगाल तशी सांगावी. किती वाट्या सोलकढीला किती चमचे आगळ आणि एका पेल्याला किती अमृत कोकम, हे आपल्या हाताच्या प्रमाणानेच हवे. या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मजकुराचा निम्मा भाग याच उत्तरातून तयार होणार आहे.

3. आपला माल बाजारातल्या इतर मालापेक्षा कशात वेगळा आहे, हे दाखवता येण्याजोग्या गोष्टींत सांगावे. ‘उत्तम दर्जा’ आणि ‘घरगुती चव’ हे शब्द प्रत्येक बाटलीवर असतात. पोळी उन्हात किती दिवस वाळते, कोकमे कोणत्या वाडीतून येतात, साखर घालता की नाही, अशी माहिती मला जास्त उपयोगी पडेल.

4. आंबापोळीवर ‘हापूस’ हा शब्द हवा आहे का? कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते नाव आणि चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. गटाची किंवा आपण ज्यांच्याकडून आंबा घेता त्या बागायतदारांची अशी नोंदणी असल्यास प्रमाणपत्राची प्रत पाठवावी.

कायद्याने आवश्यक माहिती

5. अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक प्रमाणपत्राच्या फोटोसह पाठवावा. तो तोंडी सांगू नये. मागे एका कामात असा तोंडी घेतलेला क्रमांक मी लेबलवर टाकला, त्यात दोन अंकांची अदलाबदल झाली होती, आणि छापून आलेली 3,000 लेबले फेकावी लागली. तेव्हापासून प्रमाणपत्र डोळ्यांसमोर असल्याशिवाय मी तो क्रमांक लिहीत नाही.

6. प्रत्येक उत्पादनात काय काय आणि किती पडते, हे वजनाने कळवावे, कारण घटकांची यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे लिहावी लागते. रंग, सुगंध किंवा टिकवण्यासाठीचे द्रव्य अगदी थोडे असले तरी सांगावे. प्रयोगशाळेतून पोषणमूल्यांची तपासणी झाली असल्यास तो अहवालही जोडावा.

7. निव्वळ वजन किंवा आकारमान, सर्व करांसह कमाल किंमत, माल किती काळ टिकतो आणि तक्रारीसाठी कोणता पत्ता व फोन छापायचा, हे चारही उत्पादनांसाठी वेगवेगळे लिहावे. तयार केल्याची तारीख आणि बॅच क्रमांक आपण शिक्क्याने मारणार की छापील स्टिकरने लावणार, हेही कळवावे, म्हणजे मी तेवढी जागा मोकळी ठेवीन.

8. आवश्यक तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी त्यासोबत घेता येते. माझ्या मते उत्पादनाचे नाव आणि कृती मराठीत मोठी असावी आणि तपशील इंग्रजीत असावेत. आपली पसंती सांगावी.

बाटली, पाकीट आणि छपाई

9. प्रत्येक बाटलीचे आणि पाकिटाचे एकेक रिकामे नग कुरिअरने पाठवावेत. ते जमत नसल्यास बाटलीच्या सरळ भागाभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा आणि त्या सरळ भागाची उंचीही मिलिमीटरमध्ये कळवावी. खांद्याकडच्या गोलाईवर लेबल चढले की त्याला सुरकुत्या पडतात.

10. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून विकल्या जातात का? थंड बाटलीला पाणी सुटले की कागदी लेबल फुगते आणि सुटते. तसे असल्यास पाणी न शोषणारे फिल्मचे स्टिकर घ्यावे लागेल आणि त्याचा दर वेगळा पडेल.

11. पहिल्या खेपेला प्रत्येकी किती लेबले छापायची आणि छापखाना कोणता, हे कळवावे.

12. गटाचे बोधचिन्ह कोणी तयार केले होते? त्याची मूळ सीडीआर किंवा पीडीएफ फाइल हवी. मालाचे आणि कामाच्या जागेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. साधे पाठवल्यास ते छपाईच्या उपयोगाचे राहत नाहीत.

निर्णय आणि व्यवहार

13. अंतिम होकार कोण देणार? गटात बारा जणी आहेत आणि सर्वांचे मत मोलाचे आहे, परंतु ते आधी आपसात जुळवून एकाच व्यक्तीने मला कळवावे. पुढची मासिक बैठक कधी आहे ते सांगावे, म्हणजे पहिला नमुना मी त्याच्या आदल्या दिवशी पाठवीन. ठरलेल्या 24,000 रुपयांत दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या आहेत.

14. ही लेबले परदेशी पाठवायच्या मालावरही लागणार आहेत का? कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार लेबलांच्या मांडणीचे आणि मजकुराचे हक्क मला गटाला लेखी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास भारतापुरते मानले जातात. मी हे हक्क पूर्ण मुदतीसाठी देणार आहे. करारात प्रदेश कोणता लिहायचा ते आपल्या उत्तरावरून ठरवीन.

15. देयक कोणाच्या नावे करायचे आणि निम्मी आगाऊ रक्कम गटाच्या बँक खात्यातून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकेल? खात्यावर दोघींच्या सह्या लागत असल्यास तो वेळ धरून तारीख सांगावी.