लोणार : डायरीवरून व्हॉइसओव्हर, क्लिपांनुसार (खर्डा 2)

एकूण लांबी 3 मिनिटं 42 सेकंद. बोलण्याचा वेग सेकंदाला दोन शब्दांच्या आत. त्याहून जास्त शब्द कोंबले की आवाज धावतो आणि श्वासाला जागा राहत नाही. पहिल्या खर्ड्यात हेच झालं होतं : 12 सेकंदांच्या क्लिपवर 41 शब्द.

डायरीतली मूळ नोंद (नोव्हेंबर, पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ)

"मेहकरहून बसने आलो. रस्त्याला कापूस फुटलेला. काठावर उभं राहिल्यावर पहिला शब्दच फुटेना. जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर! वरून पाहिलं तर हिरव्या पाण्याची बशी. गोमुखाचं पाणी तोंडावर मारलं, जिवात जीव आला. उतरताना मोर समोरून गेला, कॅमेरा बॅगेत. खाली भयंकर वास. पाय चिखलात गेला, बूट धुवायला रात्र गेली. कमळजादेवीच्या पायरीवर बसलो तेव्हा वर बघून चक्कर आली. संध्याकाळी पुन्हा काठावर. आकाश केशरी. सकाळी दैत्यसूदन. आतल्या छतावरची शिल्पं बघत मान मोडली. मग लहान तळ्याजवळचा झोपलेला मारुती. हे तळं गुलाबीही होतं म्हणे, आम्हाला हिरवंच भेटलं."

हाताशी असलेलं फुटेज

`C0411` बसच्या खिडकीतून शेतं, 14 सेकंद. `C0414` काठावरून डावीकडून उजवीकडे पॅन, 22. `C0415` पाण्यावर झूम, हलता, 9. `C0419` गोमुखाची धार, आवाज चांगला, 31. `C0422` उतरतानाचे पाय, 18. `C0425` झाडीतली पायवाट, वानरं, मागे मोराचा आवाज, 26. `C0428` काठचा चिखल, जवळून, 12. `C0430` कमळजादेवी, 40. `C0434` संध्याकाळचा काठ, ट्रायपॉडवर, 24. `C0437` दैत्यसूदनची बाहेरची भिंत, टिल्ट, 35. `C0439` त्याच मंदिराच्या आत, काळोख आणि दाणे, 20. फोनवरची उभी `IMG_2207`, मारुती, 11.

ड्रोन शॉट नाही. परवानगीशिवाय इथे ड्रोन उडवता येत नाही, कारण हे अभयारण्य आहे. गुलाबी पाण्याचा शॉटही नाही. बातम्यांतून उचलायचा नाही, कॉपीराइटचा दावा येतो. केशरी आकाश फक्त `C0434` मध्ये आहे, तेही फिकट.

व्हॉइसओव्हर

0:00–0:14, `C0411`. पहिले तीन सेकंद फक्त बसचा आवाज.
"मेहकर सोडलं की दोन्ही बाजूंना कापूस, तूर, आणि अगदी सपाट रान. इथे पुढे इतका मोठा खड्डा असेल, असं वाटतही नाही."

0:14–0:36, `C0414`. चार सेकंद वाऱ्याचा आवाज, मग बोलणं.
"हे लोणार. समोरचा काठ इथून साधारण पावणेदोन किलोमीटर. खाली ते पाणी, काठापासून सुमारे 140 मीटर खोल. आणि हा काळा खडक बेसॉल्ट. उल्का आदळली ती याच दख्खनच्या बेसॉल्टवर."

हा पॅन नीट पाहून वाक्यांची जागा ठरवली आहे. सहाव्या सेकंदाला समोरचा काठ फ्रेमच्या मधोमध येतो, तिथे "समोरचा काठ". अकराव्याला पाणी भरून दिसतं, तिथे "खाली". शेवटच्या पाच सेकंदांत जवळच्या कड्याचा काळा दगड येतो, त्यासाठी "हा" शब्द राखून ठेवलाय. रेकॉर्डिंगमध्ये "हा" दोन सेकंद आधी पडला, तर प्रेक्षक झाडीला बेसॉल्ट समजेल. व्यास 1.8 किलोमीटर असल्यामुळे "साधारण" वगळू नका.

"बशी" काढली. बशी वरून दिसते, आपल्याकडे वरचा शॉट नाही. "तिसऱ्या क्रमांकाचं" हेही काढलं. असले क्रमांक प्रत्येक जण वेगळे सांगतो, आणि कमेंटमध्ये त्यावरच भांडण लागतं. बेसॉल्टमधली आघात-विवरं मोजकीच आहेत, एवढं खरं.

0:36–0:54, `C0415`. मूळ नऊ सेकंद 50 फ्रेमवर आहेत, टाइमलाइन 25 वर आहे. वेग निम्मा केला की 18 सेकंद मिळतात आणि हलणंही कमी जाणवतं. स्टॅबिलायझर लावला तर कडा कापली जाते, म्हणून तो 5 टक्क्यांच्या वर नेऊ नका.
"पाणी हिरवं दिसतंय ते सूक्ष्म शैवालामुळे. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. उन्हाळ्यात पातळी घटली, खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला."

हिरवं पाणी समोर असताना गुलाबीची गोष्ट सांगितल्याने चित्र खोटं ठरत नाही. उलट फरक कानाला कळतो. मात्र "आज तळं गुलाबी दिसतंय" असा थंबनेल चालणार नाही. (तपासणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची. बोलण्यात नाव घेतलं नाही, जागा नव्हती. वर्णनपेटीत टाका.)

0:54–1:14, `C0419`, पहिले 20 सेकंदच. पुढच्या 11 सेकंदांत आंघोळ करणारी माणसं स्पष्ट दिसतात. त्यांना विचारलेलं नाही, तो भाग वापरायचा नाही. सुरुवातीला पाच सेकंद पाण्याचा आवाज राहू द्या.
"हे गोमुख. तळ्याचं पाणी खारं, ही धार मात्र गोड्या पाण्याची. मधे फक्त एक उतार. आपण आता तोच उतरणार आहोत."

"तोंडावर मारलं, जिवात जीव आला" हे शब्द आवाजात घेतले नाहीत. तोंडावर पाणी मारतानाचा शॉट नाही, आणि "जिवात जीव" ऐकल्यावर लोक चेहरा शोधतात.

1:14–1:32, `C0422`.
"उतरायला पायऱ्या आहेत, पण सलग नाहीत. मधे सुटे दगड. इथे चप्पल नको, बूट हवेत. प्यायचं पाणी वरूनच घेऊन उतरा."

या क्लिपमध्ये दहाव्या सेकंदाला पायाखालचा एक दगड सरकतो. "सुटे दगड" बरोबर त्यावर पडलं पाहिजे. वाक्य लवकर संपत असेल तर आधी अर्धा सेकंद थांबा, पण दगडाच्या पुढे जाऊ नका.

1:32–1:58, `C0425`.
"लोणारचं हे तळं आणि भोवतीची झाडी मिळून अभयारण्य आहे. वानरं लगेच दिसतात. मोर... ऐका."
यानंतर 14 सेकंद काहीही बोलायचं नाही.

डायरीत मोर दिसला आहे, फुटेजमध्ये नाही. "मोर दिसला" म्हटलं की प्रेक्षक फ्रेमभर मोर शोधतो. म्हणून "ऐका". मोराचा आवाज मूळ ट्रॅकवर हळू आहे. त्या तुकड्याचा गेन 6 डेसिबल वाढवा, आधी लो-कट 120 हर्ट्झला लावा, नाहीतर वाराही तितकाच वाढेल. स्टॉकमधला मोर घालू नका.

1:58–2:10, `C0428`.
"इथे आल्याआल्या वास येतो, सडक्या अंड्यासारखा. काठावर हा पांढरा थर सुकलेल्या क्षारांचा. चिखल वरून कोरडा दिसतो, आत पाय रुततो."

पूर्ण स्क्रिप्टमध्ये हा एकच वास आहे, कारण तो कॅमेऱ्यात येत नाही. तो बोलूनच पोचवावा लागतो. उलट चिखलाचा रंग, फेस, पाणी हे सगळं दिसतंय, त्यावर शब्द खर्च केलेले नाहीत.

2:10–2:28, `C0430`, पहिले 18 सेकंद. पुढे लेन्ससमोरून कोणीतरी जातं. बाराव्या सेकंदाला कॅमेरा काठाकडे वळतो.
"तळाशी, पाण्याला लागून, कमळजादेवीचं देऊळ. देवळापासून मागे वळून पाहिलं की काठ किती वर राहिला ते कळतं."
"मागे वळून" अकराव्या सेकंदाला. "चक्कर आली" गेली. कॅमेरा वळल्यावर उंची चित्रच सांगतं.

2:28–3:03, `C0437`. ही सकाळची क्लिप आहे, आधीच्या दुपारच्या. प्रकाश वेगळा असल्याने जोड झाकायचा नाही, सांगूनच पुढे जायचं.
"दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात. हे दैत्यसूदन मंदिर, विष्णूचं. लोणासुर नावाच्या दैत्याला विष्णूने मारलं अशी कथा, आणि गावाचं नाव त्याच्यावरूनच आलं म्हणतात. आता खालून वर बघा. एक थर संपला की दुसरा. भिंतही सरळ जात नाही, कोन काढत फिरते. म्हणून ऊन एका वेळी थोड्याच मूर्तींवर पडतं. बाकीच्या सावलीत."

टिल्ट चढू लागतो तो चौदाव्या सेकंदाला. "आता खालून वर बघा" त्याच्या जरा आधी सुरू झालं पाहिजे, म्हणजे शब्द वाट दाखवतो आणि कॅमेरा मागून येतो. उलटं झालं तर ऐकताना पुनरुक्ती वाटते. दंतकथेला "अशी कथा" आणि "म्हणतात" ही दोन पदं ठेवलीच पाहिजेत.

3:03–3:07, `C0439` मधले उंबरठ्याचे चार सेकंद. बाहेरचा उजेड, मग काळोख. बोलणं नाही. छताची शिल्पं डायरीत आहेत, पण क्लिप उजळली की दाण्यांशिवाय काही राहत नाही. त्यामुळे छताचं नावच घेतलं नाही.

3:07–3:18, `IMG_2207`, बाजूला त्याच चित्राची धूसर पट्टी.
"गावाजवळच्या लहान तळ्यापाशी हा मोठा मारुती. उभा नाही, बसलेलाही नाही. आडवा पहुडलेला."
दगडात चुंबकत्व असल्याची गोष्ट इथे सगळेच सांगतात. कंपास फिरवून दाखवलेला शॉट नाही, म्हणून सोडली.

3:18–3:42, `C0434`.
"बराच काळ हे ज्वालामुखीचं मुख समजलं जाई. उल्केच्या आघाताचे पुरावे नंतर खडकातच सापडले. वयाचा जुना अंदाज सुमारे 52 हजार वर्षं. नंतरच्या मोजणीत तो आकडा सुमारे 5 लाख 70 हजारांवर गेला."

इथे दोन्ही आकडे घेतले, एकच घेतला तर तो चूक ठरवणारा कोणीतरी खाली येतोच. पुरावा कसला असं विचारलं तर उत्तर हाताशी असू द्या : प्रचंड धक्क्याने फेल्डस्पारची झालेली काच, मॅस्केलिनाइट. केशरी आकाशाबद्दल एक शब्दही नाही, कलर ग्रेडिंगमध्येही ते वाढवू नका.

रेकॉर्डिंगसाठी

आकडे कागदावर अक्षरात लिहून घ्या. "5 लाख 70 हजार" पाहून काही जण "पाच पूर्णांक सात लाख" वाचतात. "बेसॉल्ट" मधला "सॉ" आखूड. "लोणासुर" मध्ये "सु" ऱ्हस्व. प्रत्येक उतारा दोनदा बोला, मधे एक टाळी वाजवा, म्हणजे वेव्हफॉर्मवर तुकडे शोधायला सोपं. खोलीतला पंखा बंद, आणि शेवटी 20 सेकंद काहीही न बोलता खोलीचा आवाज टेप करा. मोराच्या आधी जोड भरायला तो लागेल.