आठ की साठ?

नमस्कार मंडळी. शेवटच्या रांगेत ऐकू येतंय ना? येत असेल तर बरंच आहे, कारण आजचा विषयच तो आहे.

आज वक्ते दोन आहेत आणि भाषण एकच. आधी एक, मग दुसरा असं नाही. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलतील. तालमीत मी ते पाहिलंय, तेव्हा तुम्हीही तयारीत राहा.

वासंतीताई ऑडिओलॉजिस्ट आहेत. बावीस वर्षं त्या बंद, शांत खोलीत बसून लोकांची श्रवणचाचणी घेतायत. लहान मुलांना त्या हेडफोन लावतात आणि हातात ठोकळा देतात. बीप ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा. मुलाला वाटतं खेळ चाललाय. ताईंची नजर मात्र त्याच्या हातावर असते. ठोकळा टाकताना हात किती घुटमळला, तेवढं त्यांना पुरतं.

समीरचा दिवस याच्या अगदी उलट. हा कार्यक्रमांचा साउंड इंजिनिअर. साउंडचेकला कन्सोल सोडून हा सभागृहभर हिंडतो, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकतो, परत येऊन एक फेडर केसभर खाली घेतो. अठरा वर्षं स्पीकरांच्या सावलीत गेली.

ही जोडी आम्ही जुळवलेली नाही. समीर ताईंकडे पेशंट म्हणून गेला होता. घरी कुणी ‘साठ’ म्हटलं की याला ‘आठ’ ऐकू यायचं. ऑडिओग्राम काढला, तर ४००० हर्ट्‌झपाशी खळगा. मोठ्या आवाजानं दुखावलेल्या कानाची ही ठरलेली खूण. दुसरा कुणी घाबरला असता; हा आलेखावरून वाद घालायला लागला! फ्रिक्वेन्सीचे आलेख तर तो रोजच वाचतो. ‘स’ची सळसळ वरच्या पट्टीत असते, हे त्याला पाठ होतं. आपल्याच कानात ती पट्टी खचलीय, हे मात्र त्या दिवशी कळलं.

वाद अजून मिटलेला नाही, म्हणून तर दोघांना एकत्र बोलावलंय. तीन डेसिबल घ्या. समीरच्या लेखी त्याचा अर्थ ध्वनीची ऊर्जा दुप्पट. ताईंच्या लेखी, कान सुरक्षित राहण्याचा वेळ निम्मा: ८५ डेसिबलला आठ तास, तर ८८ला चारच. गणित एकच, पण एकाला त्यात कार्यक्रमाचा रंग दिसतो आणि दुसरीला आतल्या कानातल्या केसपेशी, ज्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. एकट्या ताई बोलल्या असत्या तर तुम्ही म्हणाला असतात, डॉक्टरमंडळी घाबरवतातच. एकटा समीर बोलला असता तर... जाऊ दे, तो समोरच बसलाय.

या ताई. समीर, तूही ये. आणि आज आवाज किती ठेवायचा, ते ताई सांगतील.