आठ पाणीवापर गट आणि त्यांची सत्यता सारणी: टिकून राहण्याच्या अटींचे गुणात्मक तौलनिक विश्लेषण

एकाच कालव्यावर, एकाच काळात स्थापन झालेल्या आठ पाणीवापर गटांपैकी चार गट दहा वर्षांनंतरही पाण्याचे वाटप स्वतः करत होते आणि चार बंद पडले होते. आठ प्रकरणांवर सरासरी काढण्यात अर्थ नव्हता, आणि आठ स्वतंत्र कहाण्या सांगून तुलना होत नव्हती. म्हणून चार्ल्स रॅगिन यांनी १९८७ मध्ये मांडलेली, बूलीय बीजगणितावर आधारलेली पद्धत येथे वापरली आहे. तिच्यात प्रत्येक गट म्हणजे अटींचा एक संयोग मानला जातो, आणि एकाच निष्पत्तीकडे एकाहून अधिक वाटा जाऊ शकतात हे गृहीत असते.

अटी तीनच निवडल्या: पाणीपाळीचे लेखी नियम (न), वाटपावर देखरेख (द) आणि पाणीपट्टीतून उभा राहिलेला स्वतःचा निधी (ध). निष्पत्ती म्हणजे गट टिकणे (ट). गटाचे आकारमान ही चौथी अट घेण्याचा मोह झाला होता. पण तीन अटींच्या आठ ओळी होतात आणि चार अटींच्या सोळा, म्हणजे आठ गटांसाठी किमान निम्मी सारणी रिकामीच राहिली असती.

पहिल्या सारणीत एक विसंगत ओळ निघाली. पाचव्या आणि सातव्या गटात लेखी नियम नव्हते, देखरेख आणि निधी दोन्ही होते, तरी पाचवा टिकला आणि सातवा मोडला. ओळीतले बहुमत पाहून निकाल लावणे येथे अशक्य होते, आणि शक्य असते तरी ते योग्य ठरले नसते. मुलाखतींच्या नोंदी पुन्हा वाचल्यावर दिसले की सातव्या गटाचा पाटकरी बाहेरून नेमलेला होता, पगार बाहेरून घेत होता आणि सभासदांना उत्तर देण्यास बांधील नव्हता. त्यामुळे देखरेखीची व्याख्या ‘सभासदांना उत्तरदायी असलेल्या व्यक्तीची देखरेख’ अशी नेमकी केली. निष्पत्ती माहीत असताना व्याख्या बदलणे धोक्याचे असते, म्हणून आठही गटांची नोंद एका सहकाऱ्याने निष्पत्तीचा रकाना न पाहता नव्याने केली. त्यात केवळ सातव्या गटाची नोंद बदलली.

| न | द | ध | गट | ट |
|---|---|---|---|---|
| १ | १ | १ | १, ४ | १ |
| १ | १ | ० | २ | १ |
| ० | १ | १ | ५ | १ |
| १ | ० | १ | ३ | ० |
| १ | ० | ० | ६ | ० |
| ० | ० | १ | ७ | ० |
| ० | ० | ० | ८ | ० |
| ० | १ | ० | एकही नाही | ? |

टिकलेल्या गटांच्या तीन ओळींपैकी पहिल्या दोन ओळींत फक्त निधीचा फरक आहे, म्हणून तो गळतो. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत फक्त नियमांचा फरक आहे, म्हणून तेथे ते गळतात. उरते ते असे, त्यात * म्हणजे ‘आणि’, + म्हणजे ‘किंवा’:

```
न*द + द*ध → ट
```

दोन्ही वाटांची सुसंगती १.०० आहे, म्हणजे त्या वाटांवरचा प्रत्येक गट टिकला. प्रत्येक वाट चारपैकी तीन टिकलेले गट व्यापते (०.७५), आणि पहिला व चौथा गट दोन्ही वाटांवर येतात. केवळ पहिल्या वाटेवर दुसरा गट येतो आणि केवळ दुसऱ्या वाटेवर पाचवा, म्हणजे प्रत्येकीची स्वतंत्र व्याप्ती ०.२५ आहे. देखरेख ही आवश्यक अट ठरते, कारण टिकलेल्या प्रत्येक गटात ती आहे.

शेवटची रिकामी ओळ ‘टिकेल’ अशी धरली, तर सूत्र आणखी आखडून केवळ ‘द → ट’ एवढे होते. हे उत्तर सुटसुटीत आहे आणि सारणीतल्या एकाही गटाशी त्याचा विरोध नाही, तरीही आम्ही ते स्वीकारलेले नाही. लेखी नियम नाहीत आणि निधीही नाही अशा गटाला केवळ देखरेख तारून नेईल, असे मानावे लागते, आणि आमच्या मुलाखतींत त्याला कसलाच आधार नाही. नियम आणि निधी यांनी टिकण्याला हातभार लागतो, हेच बहुतेक सभासद सांगत होते.

मोडण्याचे विश्लेषण वेगळे करावे लागते, कारण टिकण्याचे सूत्र उलटवून ते मिळत नाही. बंद पडलेल्या गटांच्या चारही ओळी एकत्र केल्यावर ‘~द → ~ट’ हे सूत्र, म्हणजे देखरेख नसेल तर गट टिकत नाही, रिकाम्या ओळीचा आधार न घेता निघते. तिसऱ्या गटाकडे चोख नियमपुस्तिका आणि शिलकी निधी होता, तरी पाळी कोण मोडतो हे पाहणारे कोणी नसल्याने शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी पाणीपट्टी भरणे थांबवले, हा तपशील या सूत्रामागचे कारण दाखवतो.

एकेक गट वगळून सारणी पुन्हा सोडवली. पाचवा वगळला की द*ध ही वाट नाहीशी होते आणि दुसरा वगळला की न*द. पहिला किंवा चौथा वगळला तर काहीच बदलत नाही. म्हणजे प्रत्येक वाटेचे वेगळेपण एकेका गटावर उभे आहे. नियम आणि निधी दोन्ही नसलेला, पण स्वतःची देखरेख असलेला नववा गट याच कालव्यावर शोधण्याचे काम त्यासाठीच पुढे ठेवले आहे.